‘नको’च्या आधी ‘सध्या’ कशाला?

“मॅडम, साहेबांना मला मॅनेजर करायचंय. मला हातातलं काम सोडायचं नाही. पण इतक्या विश्वासाने देतायत, तर नाही कसं म्हणू?”

करिअरच्या सल्ल्यासाठी माझ्याकडे येऊन कधी प्रोग्रॅमर हे विचारतो, कधी लॅबमधली तंत्रज्ञ. या खेपेला समोर होते भोसरीतल्या एका टूलरूममधले डायमेकर. सतरा वर्षं पत्रा कापणारा पंच आणि त्याखालची डाय बसवण्यात गेलेली. टूलरूमचे मॅनेजर निवृत्त होणार होते आणि त्यांची खुर्ची यांना देऊ केली होती.

पहिल्या भेटीत मी एकच विचारलं. “समजा, पगार तोच राहिला, चुकलात तरी कोणी बोलणार नाही. मग घ्याल खुर्ची?”

हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारते. कारण ‘नको’ दोन तऱ्हेचं असतं. एक भीतीचं: मीटिंगमध्ये बोलता येईल का, पोरं ऐकतील का. ते सरावाने जातं आणि त्यासाठी संधी नाकारू नये. दुसरं ‘नको’ आवडीचं. भीती काढून घेतली तरी ते तिथेच असतं.

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “तरी नाही घेणार.”

“का?”

उत्तर देण्याऐवजी त्यांनी खिशातून पत्र्याची एक छोटी ब्रॅकेट काढून टेबलावर ठेवली. “कडेवरून बोट फिरवा.” एका बाजूला बोटाला बर, म्हणजे कापताना वर आलेली खरखरीत कड, लागत होती, समोरच्या बाजूला नव्हती. “आता ही चकाकणारी पट्टी बघा. जिथे बर नाही तिथे रुंद, जिथे बर आहे तिथे अरुंद. म्हणजे पंच डायच्या मधोमध नाही, एका बाजूला सरकलाय. धार गेली असती तर बर चहूकडे दिसली असती. शिफ्टवाले पंच घासायला काढत होते. मी थांबवलं, नुसता सेंटर केला.”

एवढं बोलताना त्यांचा आवाज बदलला होता, पाठ ताठ झाली होती. त्या ब्रॅकेटने मला जे सांगितलं, ते तासाभराच्या प्रश्नांनी सांगितलं नसतं. एडगर शाइन या मानसशास्त्रज्ञाने एमआयटीच्या 44 व्यवस्थापन पदवीधरांचा बरीच वर्षं मागोवा घेतला होता. भलत्या कामात शिरलेला माणूस परत आपल्या जागी ओढला जातो, असं त्याला दिसलं आणि त्या ओढीला त्याने जहाजाच्या नांगराची उपमा दिली. व्यवस्थापन हा काहींचा नांगर असतो, कसब हा काहींचा. माझ्या कामाचा पाया मी यावरच उभा केला आहे आणि अजून तरी त्याने दगा दिलेला नाही.

पुढच्या भेटीत कळलं की साहेबांना ते एकदा ‘नाही’ म्हणून आले होते. शब्द काय वापरले? “सध्या नको साहेब, वडिलांची तब्येत बरी नाही.”

इथेच बहुतेकांचं चुकतं. ‘सध्या’ म्हटलं की ऐकणारा ‘सहा महिन्यांनी’ असं ऐकतो. घरचं कारण दिलं की चांगला साहेब ते कारण सोडवायला निघतो. आभार आणि नकार एकत्र आले की मोठ्या माणसाचा अपमान होईल, या धाकाने आपण नकार बोथट करतो. खरं तर आभार नेमके असले की नकार स्वच्छ देता येतो. ‘थँक यू सर’ पुरत नाही. त्यांनी आपल्यात काय पाहिलं, ते सांगायला हवं.

आम्ही चार वाक्यं बांधली. “माझ्या हाताखालची पोरं टिकतात हे तुम्ही पाहिलंत, म्हणून माझं नाव घेतलंत, त्याचे मनापासून आभार. पण मला हे पद नको, आत्ताही आणि पुढेही. माझा जीव डायच्या ट्रायआउटमध्ये आहे. नवीन मॅनेजरांना तांत्रिक बाजू मी सांभाळून देईन आणि दोन पोरं तयार करीन.”

हे समोरासमोर आणि नोटीस लागायच्या आत बोलायचं. नाव जाहीर झाल्यावर दिलेला नकार साहेबांना चारचौघांत खाली बघायला लावतो. आणि एक कटू गोष्ट मी आधीच बजावली: कंपनीत तज्ज्ञांसाठी वेगळी ग्रेड नसेल, तर पगार कुठेतरी अडेल. तो हिशोब घरी बायकोबरोबर बसून करा, मग जा. ग्रेडची मागणी मात्र त्याच भेटीत नको, नाहीतर आभार सौद्यासारखे वाटतात. ती अप्रेझलला करा.

त्यांनी हिशोब केला. मुलीच्या कॉलेजची फी धरूनही जमत होतं. मग गेले.

आठवड्याने येऊन सांगितलं. साहेब ऐकून घेऊन जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “अहो, हे आधी का नाही बोललात? तुमच्या वडिलांसाठी मी तुम्हाला कायमची पहिली शिफ्ट मिळवून द्यायच्या खटपटीत होतो.”