नग वाढले, तरी ॲक्टिव्हिटी रेशो ९० टक्केच कसा?

*एकाच महिन्यात ॲक्टिव्हिटी रेशो शंभरच्या खाली आणि एफिशियन्सी रेशो शंभरच्या वर कसा येतो? आमच्याकडे तर नग बजेटपेक्षा जास्त निघाले होते. या गुणोत्तरांत कोणते तास कुठे धरायचे, तिथेच माझा गोंधळ होतो.*

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या एका मशीन शॉपचं कॉस्टिंग मी बरीच वर्षं सांभाळलं. तिथे एका जानेवारीत नेमकं हेच झालं होतं, म्हणून त्याच महिन्याचा हिशेब मांडतो. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत.

आमच्याकडे दोन वस्तू व्हायच्या, फ्लँज आणि व्हॉल्व्हची बॉडी. एका फ्लँजला अर्धा तास आणि एका बॉडीला दोन तास, असा स्टँडर्ड वेळ ठरलेला होता. जानेवारीच्या बजेटमध्ये २,००० फ्लँज आणि ५०० बॉडी धरल्या होत्या. म्हणजे फ्लँजचे १,००० तास आणि बॉडीचे १,००० तास, एकूण २,०००. माणसांच्या बाजूनेही तेवढेच बसत होते: दहा कारागीर, रोजचे आठ तास, पंचवीस दिवस.

महिना संपला तेव्हा तपासणीत पास झालेले फ्लँज होते २,२०० आणि बॉडी ३५०. नग मोजले तर बजेटचे २,५०० आणि झालेले २,५५०. शेठ खूश होते आणि फोरमनही. पण फ्लँज आणि बॉडी यांची नगात बेरीज करणं म्हणजे लिंबं आणि कलिंगडं एकत्र मोजण्यासारखं आहे. म्हणून झालेल्या मालाला स्टँडर्ड तासांत बदलायचं: २,२०० फ्लँजचे १,१०० तास, ३५० बॉडीचे ७०० तास, एकूण १,८००.

हे १,८०० तास कुणी घड्याळ लावून काम केलेले नाहीत, हे आधी मनात पक्कं करा. एका तासात जेवढं काम व्हायला हवं असं आपण ठरवलं आहे, तेवढ्या कामाला ‘एक स्टँडर्ड तास’ म्हणायचं. कापड मीटरने मोजतात तसं इथे काम स्टँडर्ड तासाने मोजतो. बहुतेकांचा गोंधळ ‘तास’ या शब्दामुळेच होतो, कारण एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी येतो: ठरवलेलं काम (बजेट), झालेलं काम (स्टँडर्ड) आणि खरोखर लागलेला वेळ (प्रत्यक्ष).

त्या महिन्यात जॉब कार्डांवर प्रत्यक्ष कामाचे तास भरले १,६००. आता तिन्ही गुणोत्तरं:

ॲक्टिव्हिटी = झालेल्या कामाचे स्टँडर्ड तास ÷ बजेट तास = १,८०० ÷ २,००० = ९० टक्के
कपॅसिटी = प्रत्यक्ष तास ÷ बजेट तास = १,६०० ÷ २,००० = ८० टक्के
एफिशियन्सी = झालेल्या कामाचे स्टँडर्ड तास ÷ प्रत्यक्ष तास = १,८०० ÷ १,६०० = ११२.५ टक्के

कपॅसिटीला एफिशियन्सीने गुणलं की ॲक्टिव्हिटी मिळते: ०.८० × १.१२५ = ०.९०. तुमच्या पहिल्या शंकेचं उत्तर इथेच आहे. ठरवल्यापेक्षा पाचवा हिस्सा कमी तास काम झालं, जेवढे तास झालं तेवढ्यात ते भराभर झालं, पण त्या वेगाने सगळी तूट भरून निघाली नाही. नग वाढलेले दिसले, कारण महिनाभर झटपट होणारे फ्लँजच जास्त काढले गेले आणि वेळखाऊ बॉडी मागे पडल्या.

आता ‘कोणते तास कुठे’ हा प्रश्न. यात चूक झाली तर ती पकडणं अवघड असतं, आणि आमच्याकडे ती झाली होती. माझ्या आधीचे गृहस्थ प्रत्यक्ष तास म्हणून हजेरीच्या मस्टरमधले, म्हणजे पगार दिलेले तास घ्यायचे. त्या जानेवारीत मस्टरवर १,८०० तास होते. तो आकडा घातला तर कपॅसिटी ९० टक्के येते आणि एफिशियन्सी बरोबर १०० टक्के. ॲक्टिव्हिटी मात्र ९० ची ९०. गुणाकार करून पाहिला तरी तो जुळतो, कारण प्रत्यक्ष तास एका गुणोत्तरात वर आणि दुसऱ्यात खाली असतात आणि गुणताना कटून जातात. त्यामुळे गुणाकार जुळला म्हणून प्रत्यक्ष तासांचा आकडा बरोबर आहे असं धरू नका. तो कुठलाही घातलात तरी गुणाकार जुळणारच.

मस्टरचे १,८०० आणि जॉब कार्डचे १,६००, यांतला २०० तासांचा फरक म्हणजे कारागीर हजर होते, पण मशीनवर चढवायला माल नव्हता. बॉडीची कास्टिंग ज्या फाउंड्रीतून यायची तिथून माल उशिरा आला. दोन आठवडे बॉडीच्या लेथवरची माणसं अधूनमधून बसून होती. हे २०० तास मस्टरच्या हिशेबात एफिशियन्सीला चिकटतात आणि कारागीर संथ होता असं कागदावर दिसतं. माल न आल्याचा ठपका ज्याने काम केलं त्याच्यावर येतो, याचं मला फार वाईट वाटायचं. म्हणून प्रत्यक्ष तास म्हणजे खरोखर काम झालेले तास, रिकामा वेळ वगळून. रिकामा वेळ कपॅसिटीत दिसला पाहिजे, कारण तिथे खरेदी आणि नियोजन पाहणाऱ्यांनी उत्तर द्यायचं असतं.

यासाठी जॉब कार्डावर रिकामा वेळ वेगळा लिहिला जायला हवा. तो नसेल तर कारागीर बसलेला वेळही शेवटच्या जॉबवर टाकून देतो, कारण त्याला आठ तास भरून दाखवायचे असतात. तुमच्याकडे असं होतंय का हे ओळखायला सोपं आहे. रोजच्या कार्डांची बेरीज दरवेळी नेमकी आठ तास येत असेल, तर ती कार्डं काम करताना भरलेली नाहीत, संध्याकाळी बसून भरलेली आहेत.

कपॅसिटीचे ८० टक्केही एका कारणाचे नव्हते. बजेटमध्ये रविवार, १४ जानेवारीची उत्तरायण आणि २६ जानेवारी वगळून पंचवीस दिवस धरले होते. बडोद्यात राहून उत्तरायणाचा दुसरा दिवस, वासी उत्तरायण, विसरलो! १५ तारखेला कुणी येत नाही, शॉप बंदच राहिलं. चालू दिवस चोवीस. याला कॅलेंडर रेशो म्हणतात: २४ ÷ २५ = ९६ टक्के. चोवीस दिवसांत मिळू शकणारे तास १,९२०. त्यातले १२० गैरहजेरीत गेले, काहीजण सणाला गावी गेले ते दोन दिवस उशिरा परतले. २०० मालाअभावी गेले. उरले १,६००. एकूण ४०० तासांच्या तुटीत ८० चूक बजेट करणाऱ्याची, १२० गैरहजेरीचे, २०० पुरवठ्याचे. मला तरी या तीन आकड्यांपुढे ‘८० टक्के’ हा आकडा फारसा उपयोगी वाटत नाही.

मग ११२.५ टक्के एफिशियन्सी खरी मानायची का? मी वस्तूप्रमाणे कार्डं वेगळी केली. २,२०० फ्लँजना ८८० तास लागले होते, म्हणजे नगाला ०.४ तास, चोवीस मिनिटं. (इथे ०.२४ लिहिणारे मी पाहिलेत, मिनिटांना साठने भागायला विसरू नका.) ३५० बॉडींना ७२० तास लागले. फ्लँजची एफिशियन्सी १,१०० ÷ ८८० = १२५ टक्के, बॉडीची ७०० ÷ ७२० = साधारण ९७ टक्के.

फ्लँजचा अर्ध्या तासाचा स्टँडर्ड जुन्या ब्रेझ्ड टूलवर बांधलेला होता. ते टूल बोथट झालं की काढून ग्राइंडरवर धार लावायला न्यावं लागायचं. मधल्या काळात बदलण्याजोगे कार्बाइड इन्सर्ट आले, ती खेप वाचली, पण स्टँडर्ड कुणी बदलला नाही. म्हणजे हा वेग बराचसा ढिल्या स्टँडर्डचा होता. चोवीस मिनिटं धरली तर झालेलं काम ८८० + ७०० = १,५८० तास होतं आणि एफिशियन्सी ९९ टक्क्यांच्याही किंचित खाली येते. एखादी वस्तू महिनोन्‌महिने १२० च्या वर राहत असेल तर कारागिराचं कौतुक करण्याआधी त्या वस्तूचा स्टँडर्ड कधी ठरला ते पाहा. मात्र स्टँडर्ड बदललात तर बजेटचे तासही त्याच नव्या मापाने काढा, नाहीतर वर नवं माप आणि खाली जुनं, अशी ॲक्टिव्हिटी निघेल. मी चालू महिन्याला हात लावला नाही. नवा स्टँडर्ड पुढच्या बजेटपासून लावला.

बॉडीच्या ९७ चं कारण वेगळं. काही कास्टिंगमध्ये टर्निंग करताना आत ब्लोहोल, म्हणजे ओतताना राहिलेल्या पोकळ्या, निघाले. अशा नगावर तास-दीड तास जातो आणि नग बाद होतो. गेलेला वेळ प्रत्यक्ष तासांत येतो, पण बाद नगाचा स्टँडर्ड तास मोजायचा नसतो. म्हणून नग मोजताना ‘पास’ झालेलेच घ्या. लेथवरून उतरलेले सगळे नग घेतलेत तर ही तूट दिसणारच नाही.

शेठना टक्के पटेनात तेव्हा मी तेच रुपयांत मांडलं. स्थिर खर्चाचा दर तासाला १०० रुपये धरा. काम २०० स्टँडर्ड तास कमी झालं, म्हणजे २०,००० रुपयांचा स्थिर खर्च मालावर चढलाच नाही. त्यात ४०० तास कमी चालल्याचे ४०,००० प्रतिकूल आणि वेगाचे २०० तासांचे २०,००० अनुकूल. त्या अनुकूल रकमेतला बहुतेक भाग फ्लँजच्या जुन्या स्टँडर्डमुळे होता, हे दाखवल्यावर ते पहिल्यांदा कास्टिंगच्या तारखांबद्दल बोलायला लागले. फेब्रुवारीपासून जॉब कार्डावर रिकाम्या वेळेचा रकाना आला, आणि त्यात कारणासाठी चार अक्षरं: मा म्हणजे माल नाही, वी म्हणजे वीज नाही, म म्हणजे मशीन बंद, टू म्हणजे टूल नाही.