‘इजेक्ट’ म्हणजे निरवानिरव

“पेन ड्राइव्ह ‘इजेक्ट’ करण्याला मराठीत काय म्हणावं? ‘बाहेर काढणे’ तर आपण हातानेच करतो. आणि इजेक्ट न करता काढला तर तो करप्ट का होतो?”

१९८४च्या मॅकिंटॉशवर हा शब्द अगदी खरा होता. फ्लॉपीच्या फटीजवळ बटण नव्हतं, आज्ञा दिली की यंत्रच ती बाहेर ढकलायचं. पेन ड्राइव्ह मात्र इजेक्ट करूनही जागचा हलत नाही. मी ‘निरवानिरव करणे’ म्हणेन: निघण्याआधी राहिलेली देणीघेणी मिटवणं.

देणी असतात ती कॅशमधली. हा कॅश पैशाचा नव्हे, ‘लपवणे’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दातून आलेला. पेन ड्राइव्हवर लिहिणं संथ असतं, म्हणून संगणक मजकूर आधी मेमरीत ठेवतो आणि ‘कॉपी झाली’ म्हणून मोकळा होतो. लिनक्सवर असा मजकूर अर्धा मिनिटही मेमरीत पडून राहू शकतो. विंडोज १०ने १८०९ आवृत्तीपासून काढत्या-घालत्या ड्राइव्हसाठी ही उधारी मुळातच बंद ठेवली, पण लिहिणं चालू असतानाच ड्राइव्ह ओढला तर तिथेही धोका आहेच.

समजा, फाइली मांडण्याच्या FAT32 नावाच्या पद्धतीच्या ड्राइव्हवर एक व्हिडिओ टाकला. त्यासाठी तीन ठिकाणी लिहावं लागतं: प्रत्यक्ष मजकूर, तो कोणकोणत्या खणांत आहे याचा तक्ता, आणि फोल्डरमधली नाव-आकाराची नोंद. नोंद आणि तक्ता लिहून झाले पण मजकूर राहिला, तर फाइल दिसते, आकारही बरोबर असतो, पण ती उघडत नाही. उलट नोंदच राहिली, तर खण अडतात पण त्यांना मालक नसतो. विंडोजचा `chkdsk` असे बेवारस खण `FILE0000.CHK` अशा नावाने गोळा करतो. सर्वांत वाईट म्हणजे तक्ताच अर्धवट लिहिला जाणं. मग ज्यांना आपण हातही लावला नव्हता त्या जुन्या फाइलीही हरवू शकतात.

असं अर्धवट काम सावरायला फाइली मांडण्याच्या काही पद्धती जर्नलिंग करतात. त्याला मराठीत तयार शब्द आहे: रोजकीर्द. ‘हे बदल करणार आहे’ असं आधी कीर्दीत टिपायचं, मग खात्यात मांडायचं. मध्येच वीज गेली तर पुढच्या वेळी कीर्द वाचून अर्धी कामं पुरी करायची किंवा सोडून द्यायची. NTFS आणि ext4 हे करतात, FAT32 आणि exFAT करत नाहीत, आणि पेन ड्राइव्ह बहुधा या दोहोंपैकीच एका पद्धतीचे असतात. शिवाय NTFS आणि नेहमीच्या मांडणीतला ext4 कीर्दीत फक्त हिशेब टिपतात, मजकूर नाही. म्हणजे वही जुळते, पण वखारीत माल असेलच असं नाही.

‘करप्ट’ला ‘भ्रष्ट’ म्हटलं की लोक हसतात. पण पोथ्यांचे अभ्यासक ‘भ्रष्ट पाठ’ म्हणतात तो याच अर्थाने, त्यामुळे मला तो शब्द चालतो.

लिनक्सवर इजेक्टसाठी `umount` ही आज्ञा दिल्यावर कर्सर कधीकधी बराच वेळ अडून बसतो. निरवानिरव चालते ती त्याच वेळात.