‘आला तर’ आणि ‘आला असता तर’: सहावी-सातवीला जर-तरची वाक्यं शिकवताना

प्रश्न: सहावी-सातवीला संकेतार्थी वाक्यं शिकवते आहे. फरक सांगितला की मुलं माना डोलावतात, पण वहीत ‘तो आला असता तर मी जाईन’ असंच येतं. नेमकं कुठून सुरू करू?

उत्तर:

काळापासून सुरू करू नका. फळ्यावर बहुधा असं लिहिलं जातं की ‘आला तर’ म्हणजे पुढे घडणारं आणि ‘आला असता तर’ म्हणजे मागे राहून गेलेलं. ऐकायला सोपं वाटतं, पण ‘आला’ हे रूप मुलांनी भूतकाळाचं म्हणून पाठ केलेलं असतं. ‘तो उद्या आला तर मी जाईन’ या वाक्यात तेच रूप ‘उद्या’च्या शेजारी बसलेलं दिसलं की ती गडबडतात. उलट बाजूनेही हा नियम टिकत नाही. ‘उद्या सुट्टी असती तर आपण पोहायला गेलो असतो’ या वाक्यात ‘असती’ आणि ‘असतो’ दोन्ही आहेत, तरी गोष्ट उद्याचीच आहे.

फरक आहे तो बोलणाऱ्याच्या मनात. ती गोष्ट अजून घडू शकते असं धरून तो बोलतोय, की ती घडली नाही किंवा घडणार नाही हे ठाऊक असून बोलतोय? शालेय व्याकरणात दोन्ही वाक्यं ‘संकेतार्थ’ या एकाच नावाखाली येतात, त्यामुळे नाव आधी सांगितलं तर हा फरक झाकलाच जातो. मी आधी ‘उघडी अट’ आणि ‘बंद अट’ एवढंच म्हणतो. पुस्तकातलं नाव नंतर, परीक्षेपुरतं.

उघडी-बंद ओळखायला ‘पण’ची कसोटी पुरते. वाक्यापुढे ‘पण’ लिहायचं आणि खरं काय घडलं ते जोडायचं. ‘तू आला असतास तर मजा आली असती, पण तू आला नाहीस.’ हे जुळतं, म्हणजे अट बंद. ‘तू आलास तर मजा येईल, पण तू आला नाहीस.’ हे मुलांना ऐकतानाच विचित्र वाटतं आणि वर्गात हशा पिकतो. अट उघडी असेल तर पुढे ‘पण’ लावून निकाल सांगताच येत नाही, कारण निकाल अजून लागलेलाच नाही. व्याख्या न सांगता मुलं इथपर्यंत स्वतः पोचतात.

याच कसोटीतून आणखी एक गोष्ट बाहेर येते, आणि ती सहसा आपल्या नजरेतून सुटते. ‘काचेचा पेला पडला नसता तर फुटला नसता’ हे वाक्य लिहा आणि विचारा, पेला फुटला की नाही? बरीच मुलं ‘नाही’ म्हणतात. त्यांना ‘नसता’ दिसतं आणि ती तिथेच थांबतात. म्हणजे वाक्य बिनचूक लिहिणाऱ्या मुलालाही अर्थ लागलेला असेलच असं नाही. ‘पण’ जोडायला सांगा: ‘पण पेला पडला, म्हणून फुटला.’ बंद अटीत होकार असेल तर खरी गोष्ट नकाराची असते, आणि नकार असेल तर होकाराची. ही उलटापालट तोंडी दहा-बारा वाक्यांवर करून घ्या. त्याआधी वही उघडू नका.

इथे एखादं चुणचुणीत मूल हटकून विचारतं: ‘सूर्य उगवला नाही तर’ असं निबंधाचं नाव असतं, पण सूर्य तर उगवणारच, मग ‘उगवला नसता तर’ का नाही? प्रश्न रास्त आहे. ती गोष्ट जगात शक्य आहे की नाही हे रूप सांगत नाही, लिहिणारा ती कशी धरून चालला आहे तेवढंच सांगतं. ‘उगवला नाही तर’ म्हटलं की घटकाभर ते घडेल असं मानायचं आणि पुढे ‘अंधार पडेल, झाडं सुकतील’ असंच लिहायचं. ‘परीक्षा नसत्या तर’ म्हटलं की परीक्षा आहेत हे मान्य करून लिहायचं. शीर्षकानेच पुढच्या सगळ्या क्रियापदांचं रूप ठरतं.

आता चुका. ‘तो आला असता तर मी जाईन’ ही चूक अर्थ कळला नाही म्हणून होते असं आपण धरून चालतो. माझ्या मते बऱ्याचदा अर्थ कळलेला असतो, रूप तोंडात बसलेलं नसतं. सहावी-सातवीच्या वहीत दिसतो तसा हा एक परिच्छेद बघा:

‘परीक्षा नसत्या तर आम्ही रोज मैदानावर गेलो असतो. घरी कोणी ओरडलं नसतं. मग मी भरपूर पुस्तकं वाचीन. ताई चित्रं काढेल. शाळेत नुसती मजा होईल.’

पहिली दोन वाक्यं बिनचूक आहेत, तिसऱ्यापासून गाडी घसरली. नेमकी तिथेच का? ‘जाणे’ आणि ‘ओरडणे’ अकर्मक आहेत, तिथे रूप कर्त्याप्रमाणे चालतं. ‘वाचणे’ आणि ‘काढणे’ सकर्मक आहेत. बंद अटीत त्यांचं रूप कर्माप्रमाणे बदलतं आणि कर्त्याला ‘ने’ लागतो: ‘मी पुस्तकं वाचली असती’, ‘ताईने चित्रं काढली असती’. ‘मी’ आणि ‘तू’ यांना ‘ने’ लागत नाही, पण कर्म पाहावंच लागतं. ‘वाचीन’ आणि ‘काढेल’ यांत हा त्रास नाही, म्हणून मूल सोपी वाट धरतं. आणि एकदा ‘वाचीन’ आलं की पुढचं ‘होईल’ आपोआप त्याच्यामागून येतं, खरं तर ‘मजा झाली असती’ लिहिणं त्याला अवघड नव्हतं. काही मुलं सोपी वाट न धरता कर्त्याचंच रूप पुढे चालवतात, मग ‘मी पुस्तकं वाचलो असतो’ येतं. दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे.

म्हणून अशी वही तपासताना सगळी वाक्यं लाल करण्यापेक्षा पहिल्या घसरलेल्या क्रियापदाखाली रेघ मारा आणि समासात लिहा: ‘काय वाचलं?’ उत्तर ‘पुस्तकं’. मग ‘वाचली असती’. ‘धडा’ असता तर ‘वाचला असता’, ‘गोष्ट’ असती तर ‘वाचली असती’, ‘पुस्तक’ असतं तर ‘वाचलं असतं’. हे साध्या भूतकाळात मुलांना येतंच: ‘मी धडा वाचला’, ‘मी गोष्ट वाचली’. तेच रूप घ्यायचं आणि त्याच लिंगवचनाचं ‘असता’ मागे लावायचं. मात्र घरी मराठी बोलली जात नाही अशा मुलांना साधा भूतकाळच ‘मी धडा वाचलो’ असा येत असेल, तर आधी तो दुरुस्त करा. तोवर त्यांना बंद अट देऊन उपयोग नाही.

कानाने मराठी पक्की असलेली मुलं यातून एक पळवाट काढतात, तीही चुकीची नसते: ‘मी पुस्तकं वाचत बसलो असतो’, ‘ताई चित्रं काढत बसली असती’. ‘बसणे’ अकर्मक, त्यामुळे ‘ने’चा प्रश्नच मिटतो, आणि वाक्यही जास्त बोलकं होतं. ते कापू नका.

दुसरी चूक ‘असणे’ या एकट्या क्रियापदाची, आणि ती निबंधात दिसतच नाही. ‘मी रोज घरी असतो’ यातलं ‘असतो’ सवय सांगतं. ‘मी पक्षी असतो तर’ यातलं ‘असतो’ बंद अट सांगतं. ‘मी’साठी दोन्ही रूपं सारखीच (मुलगी लिहीत असेल तर दोन्हीकडे ‘असते’). म्हणून ‘मी’वर कितीही निबंध लिहून घेतले तरी मुलाला काय येतं हे कळत नाही. ‘तो’ आणि ‘ती’ आले की उघडं पडतं. सवय सांगताना ‘तो असतो’, ‘ती असते’, ‘ते सगळे असतात’. बंद अटीत ‘तो असता’, ‘ती असती’, ‘ते सगळे असते’. ‘तो राजा असतो तर’ असं वहीत आलं की समजा, मुलाने सवयीचं रूप उचललंय. माझा सल्ला असा की बंद अटीचा सराव पहिल्यापासून तृतीय पुरुषात घ्या: ‘माझा मित्र माझ्या शेजारी राहत असता तर’, ‘ती आपल्या संघात असती तर’. ‘मी’ शेवटी आणा.

नकाराची चूक त्या मानाने लवकर सुटते. उघड्या अटीत ‘आला नाही तर’, बंद अटीत ‘आला नसता तर’. दोन्हीची भेसळ होऊन ‘आला नाही असता तर’ तयार होतं. ‘असता’च्या जागी ‘नसता’ येतो, वेगळा ‘नाही’ लागत नाही, एवढं सांगितलं की बास.

‘जर’वर वेळ घालवू नका. तो गाळला तरी वाक्य उभं राहतं, भार ‘तर’वर असतो. फक्त ‘जर तो आल्यास तर’ असं दिसलं की थांबवा. ‘आल्यास’मध्ये अट आधीच आहे, वर ‘जर’ आणि ‘तर’ लावले की अट दोन-तीनदा सांगितली जाते. ‘तो आल्यास मी जाईन’ किंवा ‘तो आला तर मी जाईन’. हे रूप उघड्या अटीचंच, त्यामुळे ‘तो आल्यास मी गेलो असतो’ असं होत नाही. मोठ्यांच्या सूचनांमध्येही ‘जर… आल्यास’ सर्रास दिसतं, तेव्हा मुलांनी पुरावा आणून दाखवला तर चकित होऊ नका.

एक गोष्ट मात्र चुकांत धरू नका. ‘मी आली असती’ असं एखादी मुलगी लिहील, कारण तिच्या घरी ‘मी आली’ असंच बोलतात. प्रमाण रूप ‘मी आले असते’ आहे, ते वेगळं सांगा, पण जर-तरच्या गुणांतून त्यासाठी गुण कापू नका. अट तिला बरोबर कळलेली आहे.

चाचणीला रिकाम्या जागा देण्यापेक्षा घडलेली गोष्ट द्या आणि बंद अट लिहायला सांगा. ‘त्याने छत्री नेली नाही, तो भिजला.’ यातून ‘त्याने छत्री नेली असती तर तो भिजला नसता’ हे यायला हवं. या एका वाक्यात ‘ने’ आहे, कर्माप्रमाणे बदललेलं रूप आहे, होकार-नकाराची उलटापालट आहे आणि तृतीय पुरुषही आहे. कुठे घसरलं ते पाहिलं की त्या मुलाला पुढे कशाचा सराव द्यायचा हे कळतं.