‘हो, घेईन’ म्हणणारे प्रत्यक्षात घेत का नाहीत?

प्रश्न: आम्ही १०० जणांना विचारलं, “पुढच्या सहा महिन्यांत घरी वापरायची व्यायामाची सायकल घ्याल का?” ६२ जण ‘हो’ म्हणाले, घेतली फक्त ९ जणांनी. लोक खोटं बोलतात का? आणि असा प्रश्न विचारावा तरी कसा?

उत्तर: बहुतेक जण खोटं बोलत नाहीत. तुमच्या प्रश्नात उत्तराला दोनच जागा होत्या आणि माणसाच्या मनात मात्र कमी-जास्त शक्यता असते. दहात दोन इतकीच शक्यता वाटणाऱ्याला वस्तू आवडली असेल तर तो ‘हो’ म्हणतो, कारण ‘नाही’ म्हटलं तर ती आवडलीच नाही असा अर्थ निघेल. दुसरा कुणी दहात सहा शक्यता असूनही पैशांचं नक्की नाही म्हणून ‘नाही’ म्हणतो. ‘हो’ नेमकं कुठून सुरू होतं, हे ज्याचं त्यानं ठरवलेलं असतं.

थॉमस जस्टर या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९६६ साली हीच अडचण मांडली आणि ० ते १० अशी शक्यतेची पट्टी सुचवली. ० म्हणजे जवळजवळ शक्यताच नाही (१०० त १), ५ म्हणजे दहात पाच, १० म्हणजे जवळजवळ नक्की (१०० त ९९). प्रश्न असा विचारा : “आजपासून सहा महिन्यांच्या आत तुम्ही स्वतः ही सायकल विकत घ्याल, याची शक्यता दहात किती?” किंमत प्रश्नातच सांगा. ती न सांगितल्यास प्रत्येक जण आपल्या सोयीची किंमत धरून उत्तर देतो.

आता हिशेब. समजा १०० पैकी ४० जणांनी ० सांगितलं, २० जणांनी १, १५ जणांनी २, १० जणांनी ३, ८ जणांनी ५, ५ जणांनी ८ आणि दोघांनी १०. प्रत्येक गटाची संख्या त्याच्या शक्यतेने गुणायची : ०.४ + २ + ३ + ३ + ४ + ४ + २, म्हणजे साधारण १८. यात शून्याच्या वर असलेले ६० जण आहेत. ‘हो की नाही’ असं विचारलं असतं तर हेच तुमचे साठेक ‘हो’ झाले असते.

१८ हा आकडाही ९ च्या दुप्पट आहे, कारण पट्टीवरही लोक स्वतःविषयी आशावादी असतात, विशेषतः वस्तू त्यांना नवी असेल तर. म्हणून सहा महिन्यांनी त्याच लोकांकडे परत जा आणि प्रत्येक गटातल्या किती जणांनी खरेदी केली ते मोजा. अपेक्षा १८ आणि खरेदी ९ निघाली, तर पुढच्या वेळी निम्म्याने गुणायचं. मात्र हा गुणक तशाच वस्तूला, तेवढ्याच मुदतीला आणि त्याच शब्दांतल्या प्रश्नाला लागू पडतो. सायकलचा गुणक दुसऱ्या वस्तूला लावला की अंदाज हमखास चुकतो.

परत जाताना शून्यवाल्यांना वगळू नका. खरेदीचा मोठा वाटा अनेकदा ‘विचार नाही’ म्हणणाऱ्यांकडून येतो. त्यांच्यातल्या एकेकाची शक्यता कमी असते, पण ते संख्येने खूप असतात आणि सहा महिन्यांत परिस्थिती बदलते : डॉक्टर काही सांगतात, घर बदलतं, हातात पैसे येतात.

आणखी एक गोष्ट फार कमी लोक सांभाळतात. विचारण्यानेच वागणं बदलतं. मॉरविट्झ, जॉन्सन आणि श्मिटलाइन यांनी १९९३ मध्ये दाखवलं, की मोटार किंवा संगणक घेण्याचा विचार आहे का असं विचारलेल्या लोकांत खरेदीचं प्रमाण न विचारलेल्यांपेक्षा जास्त होतं. त्यामुळे चिठ्ठ्या टाकून निवडलेला एक गट असा ठेवा, ज्याला सुरुवातीला काहीच विचारलेलं नाही, आणि शेवटी त्याचीही खरेदी मोजा. नाहीतर तुमचा गुणक फुगलेला राहील.

सायकल घेतलेले तिच्यावर किती दिवस बसतील हेही विचारायचं असेल, तर ‘आठवड्यातून किती दिवस व्यायाम कराल?’ असं थेट विचारू नका. माणूस तेव्हा आजारपण, पाहुणे, उशिरापर्यंतचं काम यांतलं काहीच नसलेला आठवडा डोळ्यांसमोर आणतो. डेलाविन्या आणि मालमेंडियर यांच्या २००६ च्या अमेरिकन अभ्यासात व्यायामशाळेच्या सदस्यांनी सांगितलेल्या अपेक्षित फेऱ्या प्रत्यक्ष हजेरीच्या दुपटीहून जास्त होत्या. आधी गेल्या सात दिवसांचं एकेका दिवसाप्रमाणे विचारा : काल केला का, किती मिनिटं? परवा? मग पुढच्या सात दिवसांचं विचारा. मागचं उत्तर २ आणि पुढचं ५ आलं, तर अंदाजात २ च्या जवळचाच आकडा धरा. ५ धरायला दिवस, वेळ आणि जागा ठरवलेली असल्याचं काहीतरी ठोस कारण हवं.