माँटेसरी आणि नेहमीची बालवाडी: मुलाला आपली चूक कळते कशी ते बघा

प्रश्न: अर्ली चाइल्डहुड एज्युकेशनची असाइनमेंट आहे, माँटेसरी आणि पारंपरिक बालवाडीची तुलना करायची आहे. सगळीकडे तेच तेच मुद्दे मिळतात, नेमका फरक कशात आहे?

मी दोन्हीकडे शिकवलंय, त्यामुळे सांगते, "मुलांना स्वातंत्र्य विरुद्ध शिस्त" असा तक्ता करू नका. एकच प्रश्न धरा: मूल चुकलं तर ते त्याला कोण सांगतं? बाकीचे बरेच फरक त्यातूनच निघतात.

उदाहरणासाठी सिलिंडर ब्लॉक घ्या. लाकडी ठोकळा, त्यात दहा खड्डे, आणि त्यात बसणारी वर मूठ असलेली दहा सिलिंडरं. असे चार ठोकळे असतात. एकात उंची सारखीच राहते, फक्त जाडी बदलते. तीन-साडेतीन वर्षांचं मूल सगळी सिलिंडरं काढून, मिसळून परत बसवायला लागतं. जाड सिलिंडर बारीक खड्ड्यात जातच नाही, ते लगेच कळतं. पण बारीक सिलिंडर मोठ्या खड्ड्यात आरामात जातं, थोडं हलतं एवढंच, आणि मूल तसंच पुढे जातं. मग शेवटी हातात एक जाड सिलिंडर उरतं आणि रिकामा राहिलेला खड्डा बारीक असतो. कोणी काही बोललेलं नसतं तरी कुठेतरी गडबड झालीय हे त्याला समजतं. ते थांबतं, बघतं, एखादं उपसून दुसरीकडे घालतं. कधीकधी सगळी परत काढतं. माँटेसरीत याला साहित्यातलं चुकांवरचं नियंत्रण म्हणतात. त्या वेळी टीचरने मध्ये पडायचं नसतं, आणि खरं सांगायचं तर नव्या टीचरला हेच सगळ्यात जड जातं.

आता हीच जाड-बारीक कल्पना नेहमीच्या वर्गात बघा. वर्कशीटवर दोन पेन्सिली, जाड असेल तिला गोल करा. मूल गोल करतं, वही बाईंकडे देतं, बाई टिक करतात किंवा फुली मारतात. दोनच पर्याय असल्यामुळे अंदाजानेही निम्म्या वेळा बरोबर येतं, त्यामुळे कळलंय की नाही ते बाईंनाही नीट दिसत नाही. ऑब्झर्वेशनला जाणार असाल तर काम संपल्यावर मूल कुठे बघतं ते टिपा, आपल्या कामाकडे की टीचरच्या चेहऱ्याकडे. असाइनमेंटमध्ये हे फार उपयोगी पडेल.

वेळापत्रकाचा फरकही इथूनच येतो. स्वतःची चूक स्वतः शोधायला वेळ लागतो, म्हणून माँटेसरीत साधारण तीन तासांचा सलग कामाचा वेळ ठेवतात. दर अर्ध्या तासाला तास बदलला तर ते शेवटचं सिलिंडर हातात असतानाच "चला, आवरा" होतं.

पण याची मर्यादा पण लिहा, नाहीतर तुलना एकतर्फी होईल. भाषेत हे चालत नाही. खरखरीत कागदाचं अक्षर बोटाने गिरवता येतं पण त्याचा आवाज कुठला हे ते अक्षर सांगणार नाही, ते मोठ्या माणसालाच सांगावं लागतं. त्यासाठी तीन टप्प्यांचा पाठ असतो: आधी "हा म", मग "म दाखव", शेवटी "हे काय?" मूल दुसऱ्या टप्प्यात चुकलं तर चूक म्हणायचं नाही, परत पहिल्यावर यायचं. आणि गटातली गोष्ट, गप्पा, नाटक-नाटक खेळणं यात चांगली पारंपरिक बालवाडी बरेचदा जास्त देते असं माझं स्पष्ट मत आहे, माँटेसरीत कल्पनेच्या खेळाला जागा कमी असते.

रिसर्च वापरताना जपून, कारण माँटेसरी निवडणारे पालक मुळातच वेगळे असू शकतात, मग मुलांतला फरक शाळेचा की घरचा ते कळत नाही. म्हणून लॉटरीवाले अभ्यास घ्या. अँजेलिन लिलार्ड आणि निकोल एल्स-क्वेस्ट यांच्या २००६ च्या अभ्यासात अमेरिकेतल्या मिलवॉकीमधली मुलं होती. माँटेसरी शाळेच्या लॉटरीत नंबर लागलेली एकीकडे आणि न लागलेली दुसरीकडे, म्हणजे पालक दोन्हीकडचे सारखेच इच्छुक. पाच वर्षांच्या वयाला वाचन, गणित आणि स्वतःवर ताबा ठेवण्याच्या काही चाचण्यांमध्ये माँटेसरीची मुलं पुढे होती. हा एकाच शाळेचा अभ्यास आहे हेही लिहा.

लिलार्डचाच २०१२ चा अभ्यास तुमच्या विषयाला जास्त जवळचा आहे. त्यात मूळ पद्धतीचे माँटेसरी वर्ग, वर्कशीटसारखं इतर साहित्य मिसळलेले माँटेसरी वर्ग आणि पारंपरिक वर्ग असे तीन गट होते, आणि वर्षभरात जास्त प्रगती मूळ पद्धतीच्या वर्गांत दिसली. माँटेसरी हे नाव कुठलीही शाळा लावू शकते, त्यामुळे पाटीवर जाऊ नका. तुम्ही बघायला जाल त्या वर्गात सिलिंडर ब्लॉक मुलांच्या हाताला येईल असा खालच्या रॅकवर आहे की शोकेसमध्ये, आणि सकाळचा सलग वेळ किती, या दोन गोष्टी आधी नोंदवा, मगच तुलनेच्या कुठल्या रकान्यात तो वर्ग टाकायचा ते ठरवा.