काळांची उजळणी बिंगोने, साठ मुलांच्या वर्गात

सर, कार्डं छापू नका, मुलांकडूनच वहीत आखून घ्या. दोघांत एक कार्ड, तीन गुणिले तीन चौकटी. फळ्यावर ‘लिहिणे’ आणि ‘वाचणे’ या क्रियापदांची बाराही काळांतली रूपं उलटसुलट लिहा, म्हणजे चोवीस. त्यातली कुठलीही नऊ मुलांनी उतरवायची आणि मग फळा पुसायचा. एकाच क्रियापदाची बारा दिलीत तर निम्मा वर्ग एकदम ओरडतो. माझं तसंच झालं होतं.

तुम्ही रूप वाचायचं नाही, फक्त काळ पुकारायचा: ‘लिहिणे, रीती वर्तमानकाळ’. ज्यांच्याकडे ‘लिहीत असतो’ आहे त्यांनी त्या चौकटीत पुकाऱ्याचा क्रमांक लिहायचा. नुसती फुली नको, कारण क्रमांक असला की तुमच्या यादीशी लगेच ताडता येतं. इथे बरेच जण ‘लिहीत आहे’वर क्रमांक टाकतात, पण तो अपूर्ण वर्तमानकाळ.

आडवी, उभी किंवा तिरपी ओळ भरली की जोडीने हात वर करायचा आणि तिन्ही रूपं वाक्यात वापरून दाखवायची. ‘मी रोज डायरी लिहीत असतो’ चालेल. एक चुकलं तर ती चौकट बाद, खेळ पुढे चालू. ‘लिहीत असेन’ आणि ‘लिहीत जाईन’ यांतला गोंधळ इथेच उघडा पडतो, तेव्हा थांबून तो सोडवा.