'स्थानिक पातळी' नको, 'गाळणी'ही नको

प्रश्न : औद्योगिक उत्पादन निर्देशांकावर कालमन फिल्टर लावून मराठीत लेख लिहिते आहे. लोकल लेव्हल मॉडेलला 'स्थानिक पातळी प्रतिमान' लिहिलं, तर एका वाचकाने विचारलं, हे पुणे जिल्ह्याच्या पातळीवरचं आहे का? आणि संपादक म्हणतात, फिल्टर काढून 'गाळणी' घाला. दोन्ही ठिकाणी काय लिहू?

तुमच्या वाचकाचं काही चुकलेलं नाही. मराठी वर्तमानपत्र वाचणाऱ्याला 'स्थानिक पातळी' म्हटलं की महापालिका, जिल्हा परिषद आणि 'प्रश्न स्थानिक पातळीवर सोडवा' हेच आठवणार. यातला 'पातळी' हा शब्द उत्तम आहे, तो ठेवा. अडचण 'स्थानिक'ची आहे, कारण या मॉडेलमधलं लोकल हे जागेचं नाहीच, काळाचं आहे. प्रत्येक महिन्याला त्या महिन्यापुरती पातळी असते, इतकाच त्याचा अर्थ.

पातळी म्हणजे काय, ते पुणेकराला खडकवासला धरणावरून लगेच कळेल. भिंतीजवळच्या मोजपट्टीवर वाऱ्याच्या दिवशी नुसतं पाहिलं तर आकडा वरखाली होत राहतो. ते तरंग असतात, आणि पुढच्या क्षणी त्यांचा मागमूस राहत नाही. पाणी आलं किंवा सोडलं की मात्र पातळीच बदलते, आणि तो बदल उद्याच्या मोजणीतही राहतो. लोकल लेव्हल मॉडेल हे एवढंच दोन ओळींत सांगतं:

```
y[t]   = mu[t] + eps[t]
mu[t+1] = mu[t] + eta[t]
```

पहिली ओळ म्हणते की जाहीर झालेला आकडा म्हणजे खरी पातळी आणि त्या महिन्यापुरता नॉइज. दुसरी म्हणते की पुढच्या महिन्याची पातळी म्हणजे याच महिन्याची पातळी, थोडी सरकलेली. `eps` येतो आणि जातो. `eta` आला की मुक्कामाला राहतो. `mu` आपल्याला कधीच दिसत नाही; मॉडेलच्या भाषेत तिला स्टेट म्हणतात. त्याला 'अवस्था' लिहा. स्टेट स्पेस मॉडेलचं 'राज्य अवकाश प्रतिमान' असं भाषांतर मी छापलेलं पाहिलं आहे. त्यात महाराष्ट्र कुठे बसतो, ते भाषांतरकारालाच विचारावं लागेल.

लोकलचा खरा अर्थ `eps` आणि `eta` यांच्या व्हेरियन्सच्या, म्हणजे ते किती वरखाली होतात त्या मापाच्या, गुणोत्तरात लपलेला आहे. `eta`चा व्हेरियन्स शून्य धरला तर पातळी कधीच सरकत नाही. मग सगळ्या महिन्यांची साधी सरासरी घ्यायची आणि दहा वर्षांपूर्वीच्या महिन्याला कालच्या महिन्याइतकाच मान द्यायचा. उलट `eps`चा व्हेरियन्स शून्य धरला तर जाहीर झालेला आकडा हीच पातळी, आणि मॉडेलची गरजच उरत नाही. खरी परिस्थिती या दोन टोकांच्या मधली असते. तिथे ताज्या महिन्यांना जास्त वजन मिळतं आणि मागे जाऊ तसं ते एका ठरावीक पटीने घटत जातं. उद्याचा अंदाज असा घातांकी वजनांनी करणं केव्हा सर्वोत्तम ठरतं, याचं उत्तर जॉन मुथ यांनी १९६० साली दिलं. मालिका नेमकी वरच्या दोन ओळींसारखी वागत असेल, तेव्हा.

म्हणून माझी सूचना 'तत्कालीन पातळी प्रतिमान' अशी आहे. 'तात्कालिक' मात्र लिहू नका. त्याचा अर्थ तेवढ्यापुरता, थोडा वेळ टिकणारा. आणि इथे टिकाऊ भाग पातळीच आहे, तात्कालिक असतो तो नॉइज. दोन-तीन अक्षरांच्या फरकाने मॉडेलचा अर्थ उलटा होईल. 'सरकती पातळी' हा शब्दही चालला असता, पण आपल्याकडे 'सरकती सरासरी' रूढ आहे आणि वाचक दोन्हींची गल्लत करेल.

आता 'गाळणी'कडे वळू. चहाच्या गाळणीत चोथा वर राहतो, चहा खाली जातो आणि दोन्ही कायमचे वेगळे होतात. कालमन फिल्टर, म्हणजे दर नव्या आकड्यासरशी पातळीचा अंदाज सुधारणारी गणिती रीत, असं काही वेगळं काढत नाही. विद्युत अभियंते नको त्या कंपनसंख्या अडवणाऱ्या मंडलाला फिल्टर म्हणत, आणि शब्द तिथून आला. पण बुडापेस्टमध्ये जन्मलेल्या रुडॉल्फ कालमन यांनी १९६० साली यंत्र अभियंत्यांच्या नियतकालिकात आपला निबंध छापला, तोवर या विद्येत फिल्टरिंगला वेगळा, काटेकोर अर्थ आलेला होता. आजपर्यंतची माहिती घेऊन आजची अवस्था सांगणं म्हणजे फिल्टरिंग, पुढची सांगणं म्हणजे प्रेडिक्शन, आणि नंतर आलेली माहितीही घेऊन मागची अवस्था पुन्हा सांगणं म्हणजे स्मूदिंग. म्हणजे इथेही भेद काळाचा आहे.

तुमच्याच निर्देशांकावर करून पाहू. वार्षिक वाढीचे पहिल्यांदा जाहीर झालेले आकडे घेते: ऑक्टोबर २०२३ ला ११.७ टक्के, नोव्हेंबरला २.४ आणि डिसेंबरला ३.८. `eps`चा व्हेरियन्स ९ आणि `eta`चा १.५ धरू. हे आकडे हिशोब सोपा व्हावा म्हणून मी निवडलेले आहेत. प्रत्यक्षात ते सगळ्या मालिकेवरून लाइकलिहूड वापरून, म्हणजे कुठल्या आकड्यांनी ही मालिका सर्वांत संभाव्य ठरते ते पाहून, काढावे लागतात. ऑक्टोबरचा आकडा येण्याआधी पातळीचा अंदाज ६ टक्के होता आणि त्या अंदाजाचा व्हेरियन्स ४.५ होता, असं माना.

आकडा आला ११.७, म्हणजे अपेक्षेपेक्षा ५.७ ने जास्त. या धक्क्यातला किती वाटा पातळीचा आणि किती नॉइजचा? फिल्टरचं सगळं काम या वाटणीत आहे. पातळीबद्दलची अनिश्चितता ४.५, नॉइजची ९, मिळून १३.५, त्यामुळे ४.५ भागिले १३.५, म्हणजे एक तृतीयांश धक्का पातळीच्या खात्यात जातो. यालाच कालमन गेन म्हणतात. नवा अंदाज ६ अधिक १.९, म्हणजे ७.९. माहिती मिळाल्यामुळे अनिश्चितता ४.५ वरून ३ वर उतरते, पण महिना उलटताना `eta`चे १.५ पुन्हा मिळतात आणि ती ४.५ वर येते. म्हणून या उदाहरणात गेन दर महिन्याला तेवढाच राहतो. वजनंही यातूनच निघतात: ताज्या महिन्याला एक तृतीयांश, मग दर महिना मागे जाताना दोन तृतीयांशाच्या पटीने कमी.

नोव्हेंबरला २.४ आले, म्हणजे ५.५ ने कमी, अंदाज ७.९ वरून ६.१ वर. डिसेंबरला ३.८ आले आणि अंदाज ५.३ झाला.

आता डिसेंबरच्या जागेवरून मागे वळून विचारा की ऑक्टोबरची पातळी किती होती. या गणितात नंतर कळलेल्या फरकाचा दोन तृतीयांश भाग दर पायरीला मागे न्यावा लागतो, कारण ३ भागिले ४.५ म्हणजे दोन तृतीयांश. तसं केलं की नोव्हेंबर ६.१ चा ५.६ होतो आणि ऑक्टोबर ७.९ चा ६.३. महिना तोच आणि मॉडेलही तेच, पण उत्तरं दोन: ७.९ आणि ६.३. पहिलं फिल्टर्ड, दुसरं स्मूद्ड. 'गाळलेला अंदाज' लिहिलंत तर वाचकाला यातलं कुठलं ते कळणार नाही, आणि 'गुळगुळीत' लिहिलंत तर त्याला वाटेल की रेघ फक्त देखणी केली. माझ्या मते 'त्यावेळचा अंदाज' आणि 'मागाहूनचा अंदाज' असं लिहावं. यंत्राचं नाव म्हणून 'कालमन फिल्टर' तसंच ठेवा; पाण्याचा फिल्टर घरोघरी आहे, तो शब्द आता आपलाच आहे.

संपादकांना आणखी एक सांगा. गाळणी म्हटलं की ती घाण अडवेल अशी अपेक्षा होते, आणि नेमकी तीच या निर्देशांकात पुरी होत नाही. दिवाळी २०२२ साली २४ ऑक्टोबरला होती, २०२३ साली १२ नोव्हेंबरला. त्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरला आदल्या ऑक्टोबरपेक्षा कामाचे दिवस जास्त मिळाले आणि नोव्हेंबरला कमी. अधिक ५.७ आणि वजा ५.५ या धक्क्यांमागे बरंचसं हेच आहे. फिल्टरला मात्र हे ठाऊक नाही. प्रत्येक महिन्याचा नॉइज आधीच्यापेक्षा स्वतंत्र आहे असं तो मानतो, म्हणून ऑक्टोबरच्या सुट्टीच्या हिशोबाचाही एक तृतीयांश त्याने पातळीत जमा केला. धक्क्याला त्याच्या प्रमाण विचलनाने, म्हणजे १३.५ च्या वर्गमुळाने, सुमारे ३.७ ने भागलं तर दीडच्या आसपास येतं. तेव्हा एकेकटा आकडा बघून शंकाही येणार नाही. शंका येते ती असे धक्के ओळीने मांडून त्यांचा एकमेकांशी संबंध तपासला की. मॉडेल बरोबर असेल तर त्यांच्यात काहीच संबंध उरत नाही. इथे मात्र दिवाळीने महिना बदलला की ऑक्टोबर-नोव्हेंबर ही जोडी उलट चिन्हांनी येताना दिसेल.

बारा महिन्यांच्या अंतरावर दुसरा संबंध सापडेल, आणि तो तुमच्या आकड्याच्या व्याख्येतच आहे. वार्षिक वाढ काढताना यंदाच्या नॉइजमधून गेल्या वर्षीचा नॉइज वजा होतो, म्हणून एका ऑक्टोबरचा नॉइज पुढच्या ऑक्टोबरला चिन्ह बदलून परत येतो. यालाच वर्तमानपत्रं 'बेस इफेक्ट' म्हणतात. त्यामुळे मी असते तर वार्षिक वाढ सोडून निर्देशांकाचा लॉगॅरिदम घेतला असता, हंगामी घटक आणि दिवाळीचा घटक मॉडेलमध्ये वेगळे ठेवले असते, आणि पातळीला उतारही दिला असता. पण मग ते लोकल लेव्हल राहत नाही, लोकल लिनिअर ट्रेंड होतं. त्याला 'तत्कालीन कल' म्हणता येईल, शब्द जुळतो.

आलेखाखालच्या ओळीत दोन्ही अंदाजांची नावं तर द्याच, शिवाय माहिती कुठल्या महिन्यापर्यंतची आहे आणि आकडे पहिल्यांदा जाहीर झालेले की सुधारित, हेही लिहा. शेवटच्या महिन्याला दोन्ही रेघा नेहमी एकाच बिंदूवर मिळतात (वरच्या उदाहरणात डिसेंबरला ५.३ वर), कारण त्यापुढची माहिती अजून कोणाकडेच नसते. वाचकाला वाटेल की तिथे दोन पद्धती एकमताला आल्या. प्रत्यक्षात जानेवारीचा आकडा आला की मागाहूनची रेघ डिसेंबरलाही हलणार, आणि त्यावेळची तिथेच राहणार.